२४ जण, प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन: दोनाने का भागायचं आणि वेळ किती लागतो

प्रश्न: आमच्या शिबिरात २४ जण येणार आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवून दोन मिनिटं बोलायचं असं ठरलंय. मी २४ × २३ = ५५२ भेटी धरल्या. मित्र म्हणतो २७६, कारण सूत्रात दोनाने भागतात. का भागतात ते मात्र त्यालाही सांगता येईना. वर त्याच्याच हिशोबाने २७६ भेटी गुणिले २ मिनिटं म्हणजे परत ५५२ मिनिटंच! नऊ तास कुठून आणायचे? नेमकं कोण चुकतंय?

उत्तर:

भेटींच्या संख्येत तुमचा मित्र बरोबर आहे, वेळेच्या हिशोबात तुम्ही दोघंही चुकताय. नऊ तास लागणार नाहीत. नीट आखणी केलीत तर तासाभरात आटोपेल.

आधी ते दोनदा आलेलं ५५२ बाजूला काढू, कारण खरा घोळ त्यानेच घातलाय. तुमच्या ५५२ मधला जादा २ आला तो एका भेटीत दोन माणसं असतात म्हणून. मित्राच्या ५५२ मधला २ आला तो भेट दोन मिनिटांची म्हणून. तीन मिनिटं ठरली असती तर त्याचं उत्तर ८२८ आलं असतं आणि तुम्हाला ‘परत तेच’ असं वाटलंच नसतं. दोन आकडे जुळले की आपण त्यांच्यात नातं शोधायला लागतो. इथे नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे.

मी गणित शिकवते आणि बरीच वर्षं साखळी स्पर्धांची वेळापत्रकंही लावत आले आहे. तुमचा प्रश्न या दोन्हींच्या बरोबर मध्ये पडतो: किती भेटी हे वर्गातलं गणित, त्या घडवून आणायच्या कशा हे वेळापत्रकाचं. दुसऱ्या भागात लोक जास्त फसतात. मीही फसलेय, ते पुढे सांगते.

तुमचं ५५२ हे चुकीचं उत्तर नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. २४ जणांपैकी प्रत्येकजण २३ वेळा हात पुढे करणार. म्हणजे एकूण ५५२ वेळा कुणीतरी हात पुढे केला. तुम्ही हात मोजलेत. आणि एका हस्तांदोलनाला हात लागतात दोन. म्हणून ५५२ भागिले २, म्हणजे २७६. सूत्रातला n(n − 1)/2 यातला n म्हणजे माणसं, n − 1 म्हणजे प्रत्येकाला भेटायचे असलेले बाकीचे, आणि खालचा २ म्हणजे एका भेटीतले दोन हात. यापलीकडे त्यात काही दडलेलं नाही.

तरीही काहींच्या गळी उतरत नाही, तेव्हा मी वर्गात चौकटीच्या कागदाची घडी घालून दाखवते. २४ ओळी, २४ रकाने. ओळींना माणसांची नावं, रकान्यांनाही त्याच क्रमाने तीच नावं. एकूण चौकटी ५७६. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी तिरपी रांग म्हणजे स्वतःची स्वतःशी भेट. त्या २४ चौकटींवर काट मारायची. उरल्या ५५२. आता सातव्या ओळीत, पंधराव्या रकान्यात शाईने ठिपका द्या आणि शाई ओली असतानाच कागद त्या तिरप्या रेषेवर दुमडा. ठिपका उमटतो तो बरोबर पंधराव्या ओळीतल्या सातव्या रकान्यात. सातव्याने पंधराव्याशी हात मिळवला आणि पंधराव्याने सातव्याशी मिळवला या दोन घटना नाहीतच, एकच घटना कागदावर दोन जागी लिहिली गेलीय. घडीच्या एका बाजूला उरतात त्या २७६ चौकटी. जी मुलं ‘२४ चा वर्ग भागिले दोन’ करून २८८ आणतात, त्यांची चूकही या कागदावर लगेच दिसते: तिरपी रांग काढायच्या आधीच त्यांनी कागद दुमडलेला असतो.

भागाकार नकोसाच वाटत असेल तर दारापाशी उभं राहून मोजा. खोली रिकामी आहे. पहिला माणूस आत येतो, हात मिळवायला कुणी नाही. दुसरा येतो, एक हस्तांदोलन. तिसरा येतो, दोन. असं करत चोविसावा येतो तेव्हा आतल्या २३ जणांशी हात मिळवतो. बेरीज १ + २ + ३ + … + २३. दोन्ही टोकांकडून जोड्या लावा: १ आणि २३ चे २४, २ आणि २२ चे २४, अशा अकरा जोड्यांचे २६४, आणि मधला एकटा १२. झाले २७६. या पद्धतीत दोनाने भागावं लागलं नाही, कारण प्रत्येक भेट उशिरा आलेल्याच्या नावावर एकदाच मांडली. फक्त बेरीज २३ वर थांबवायची. पुष्कळजण ‘माणसं २४ आहेत ना’ म्हणून २४ पर्यंत जातात आणि ३०० आणतात. ते २५ माणसांचं उत्तर आहे.

मग दोनाने कधी भागायचं आणि कधी नाही? मी एकच गोष्ट विचारते: घटना घडल्यावर तिची नोंद किती जणांच्या वहीत होते, आणि मी त्या सगळ्या वह्या बेरजेला घेतल्यात का? हस्तांदोलनाची नोंद दोघांच्या वहीत होते. मी सगळ्यांच्या वह्या मिळवल्या असतील तर भागिले दोन. पण शिबिराच्या शेवटी प्रत्येकाने प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहायची असं तुम्ही ठरवलंत, तर चिठ्ठ्या ५५२ च होतील. मी तुम्हाला लिहिलेली आणि तुम्ही मला लिहिलेली या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, कागदही दोन लागतात. साखळी स्पर्धेतही असंच: प्रत्येक जोडीचा एकच सामना असेल तर निम्मे, स्वतःच्या आणि समोरच्याच्या मैदानावर एकेक असेल तर पूर्ण.

परीक्षेला बसणारी मुलं इथे पर्म्युटेशन की कॉम्बिनेशन, कुठलं सूत्र, असं पाठ करत बसतात. वह्यांचा प्रश्न विचारला की नावं आठवायची गरज फारशी उरत नाही. उद्या तुम्ही ठरवलंत की दोघांऐवजी तिघातिघांनी एकत्र बसायचं आणि प्रत्येक त्रिकूट एकदा व्हायलाच हवं, तर २४ × २३ × २२ ला सहाने भागावं लागेल, कारण त्याच तिघांची नावं सहा वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात. उत्तर २,०२४ येतं, तेव्हा ठरवू नका. मुद्दा इतकाच की तो २ सूत्राला चिकटलेला नाही, तो ‘एका भेटीत दोघं’ यातून आलेला आहे.

आता वेळ. २७६ ला दोन मिनिटांनी गुणताना मित्राने धरलं की एका वेळी एकच जोडी बोलणार आणि बाकीचे २२ जण बघत बसणार. तसं कोण करेल? २४ जणांच्या एका वेळी १२ जोड्या होतात. २७६ भागिले १२ म्हणजे २३ फेऱ्या. दुसऱ्या बाजूनेही पडताळा येतो: प्रत्येकाला २३ जणांना भेटायचंय आणि एका फेरीत एकच जण भेटतो, म्हणजे २३ पेक्षा कमी फेऱ्या शक्यच नाहीत. २३ × २ म्हणजे ४६ मिनिटं. फेऱ्यांच्या मध्ये जागा बदलायला अर्धं अर्धं मिनिट धरा, २२ वेळा, म्हणजे ११ मिनिटं. एकूण ५७.

पण २३ पेक्षा कमीत होत नाही हे कळलं म्हणून २३ मध्ये होतंच असं नाही. प्रत्येक फेरीत सगळे १२ नवे जोड लागले पाहिजेत, एकही जुना नको, एकही माणूस रिकामा नको. ‘ज्याला भेटला नसाल त्याला शोधा’ असं सांगून सोडून दिलंत तर पहिल्या दहाबारा फेऱ्या झकास जातात. मग रिकामे उरलेले दोघं नेमके एकमेकांना आधीच भेटलेले असतात. शेवटी शेवटी खोलीत चारपाच जोड्या बोलतायत आणि बाकीचे माना उंचावून माणूस शोधतायत असं दृश्य दिसतं.

माझी फजिती वेगळी होती. मी पहिल्यांदा असा कार्यक्रम घेतला तेव्हाही माणसं २४ च होती. मी दोन रांगा समोरासमोर केल्या, १२ आणि १२. एक रांग बसून राहणार, दुसरी दर फेरीला एक जागा पुढे सरकणार, टोकाचा माणूस फिरून सुरुवातीला येणार. छान चाललं होतं. बाराव्या फेरीनंतर सरकले, तर प्रत्येकासमोर पहिल्या फेरीतलाच माणूस! एक गृहस्थ हसून म्हणाले, “बाई, आपण मघाशी भेटलो की!” ते समोरच्याला म्हणाले, पण बाई मीच असल्यासारखं मला लागलं. हातात घड्याळ, निम्म्या भेटी बाकी, आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नाही.

हिशोब केला असता तर आधीच कळलं असतं. समोरासमोरच्या रांगांमध्ये भेटी होतात १२ × १२ = १४४. (इथे दोनाने भागायचं नाही. पहिल्या रांगेतल्यांच्याच वह्या मिळवल्यात, प्रत्येक भेट एकदाच आली.) राहिल्या त्या एकाच रांगेतल्या माणसांच्या आपापसातल्या: एका रांगेत १२ × ११ भागिले २ म्हणजे ६६, दोन रांगांत १३२. १४४ आणि १३२ मिळून २७६, बरोबर जुळतं. शेजारी बसलेले दोघं समोरासमोर कधी येणारच नव्हते, कारण मी त्यांना कायमचं एका बाजूला बसवलं होतं.

यावरची युक्ती फार जुनी आहे आणि साखळी स्पर्धांचं वेळापत्रक आजही तिच्यावर चालतं. बुद्धिबळाच्या स्पर्धांत जे बर्जर तक्ते वापरतात त्यांच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. रांगा दोनच करायच्या, पण दोन्ही मिळून एकच फिरतं वर्तुळ समजायचं, आणि एका माणसाला, फक्त एकाला, जागेवर खिळवून ठेवायचं. सहा जणांवर करून पाहा:

```
पहिली फेरी    दुसरी फेरी    तिसरी फेरी
१ २ ३         १ ६ २         १ ५ ६
६ ५ ४         ५ ४ ३         ४ ३ २
```

वरखाली येतात त्यांची भेट. पहिल्या फेरीत १–६, २–५, ३–४. मग १ जागचा हलत नाही आणि बाकीचे पाच जण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात: २ उजवीकडे, ३ खालच्या रांगेत उतरतो, ४ आणि ५ डावीकडे, ६ वर चढून १ च्या शेजारी बसतो. दुसऱ्या फेरीत १–५, ६–४, २–३. तिसरीत १–४, ५–३, ६–२. चौथीत १–३, ४–२, ५–६ आणि पाचवीत १–२, ३–६, ४–५. पाच फेऱ्या, प्रत्येकीत तीन भेटी, एकूण १५. आणि सहाचं सूत्रही ६ × ५ भागिले २ म्हणजे १५ च सांगतं. यादी नजरेखालून घाला, एकही जोडी दोनदा सापडणार नाही.

एकाला खिळवायचं का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. सगळेच फिरले तर सहा माणसांचं वर्तुळ तीन जागा सरकल्यावर पहिल्याच जोड्या पुन्हा तयार होतात, फक्त वरचे खाली आणि खालचे वर. एक जण स्थिर ठेवला की फिरणारे उरतात पाच, म्हणजे विषम. त्यामुळे कुठल्याही दोघांमधलं अंतर एका बाजूने सम असतं तर दुसऱ्या बाजूने विषम, आणि पाच फेऱ्यांत ते बरोबर एकदाच समोरासमोर येतात. तुमच्याकडे स्थिर एक आणि फिरणारे २३. स्थिर जागेसाठी शक्यतो ज्याला उठबस करायला त्रास होतो असा माणूस निवडा. दोन्ही रांगांच्या खुर्च्या चिकटून नकोत, टोकाला वळायला जागा लागते, तिथेच गर्दी तुंबते.

आयत्या वेळी एकजण आलाच नाही तर? २३ जणांच्या भेटी २३ × २२ भागिले २ म्हणजे २५३. २३ भेटी कमी झाल्या, म्हणून वेळही वाचेल असं वाटतं. वाचत नाही. २३ माणसांच्या एका वेळी ११ च जोड्या होतात, एकजण रिकामा बसतो. २५३ भागिले ११, परत २३ फेऱ्या. आखणीत काहीच बदलू नका, न आलेल्याची खुर्ची तशीच ठेवा, तिच्यासमोर जो येईल त्याने ती फेरी पाणी प्यावं. साखळी स्पर्धेत याला बाय म्हणतात. फक्त ती रिकामी खुर्ची स्थिर जागेची करा, म्हणजे फिरणाऱ्यांना तिचं ओझं वागवावं लागत नाही. उलट एकजण वाढला आणि २५ झाले, तर भेटी ३०० होतात आणि फेऱ्या २३ वरून एकदम २५ वर जातात. म्हणजे पंचविसावा माणूस दोन फेऱ्या वाढवतो आणि सव्विसावा फुकटात सामावतो.

दुसरी एक सूचना तुम्हाला कुणीतरी करणारच: ‘आमच्यातले पाच जण जुने मित्र आहेत, त्यांच्या भेटी गाळा.’ गाळायच्या असतील तर पाच नव्हे, पाच जणांच्या आपापसातल्या १० भेटी वजा होतात: ५ × ४ भागिले २. उरल्या २६६. पण फेऱ्या तरीही २३ च, कारण बाकीच्या प्रत्येकाला अजून २३ जणांना भेटायचंय. त्यामुळे मी तरी गाळत नाही. जुने मित्र दोन मिनिटं गप्पा मारतील, बिघडलं काय?

मध्येच उठून जाणारेही असतात. समजा नवव्या फेरीनंतर एकाला जावं लागलं. तो ९ जणांना भेटलाय, उरलेल्या २३ जणांच्या आपापसातल्या २५३ भेटी पूर्ण होणार, म्हणजे २६२. याचं उलटं कोडं परीक्षेत येतं: एकूण हस्तांदोलनं २६२ झाली, एकजण मध्येच गेला, सुरुवातीला किती होते आणि गेलेला किती जणांना भेटला होता? सूत्रात २६२ बसतच नाही. २३ माणसांना २५३, २४ माणसांना २७६, त्यांच्या मध्ये ते अडकलंय. म्हणून २३ जण शेवटपर्यंत होते आणि जादाचे ९ हे गेलेल्याचे. एखादा आकडा सूत्रात बसतो का हे झटकन पाहायचं तर त्याला ८ ने गुणून १ मिळवा, पूर्ण वर्ग आला तर बसतो. २७६ × ८ + १ = २,२०९, म्हणजे ४७ चा वर्ग. ४७ मध्ये १ मिळवून निम्मे करा, २४ माणसं मिळतात. २६२ चं २,०९७ येतं, आणि तो वर्ग नाही.

हे सगळं सूत्र ‘प्रत्येकजण प्रत्येकाला भेटला’ या अटीवर उभं आहे. ती अट तुटली तर n(n − 1)/2 तुम्हाला काही सांगत नाही, पण दोन हातांची गोष्ट तरीही टिकते. कुणी कितीही जणांना भेटो, सगळ्यांच्या भेटींची बेरीज ही एकूण हस्तांदोलनांच्या दुप्पटच असणार, म्हणून ती सम असणारच. गणितज्ञ ऑयलरच्या १७३६ सालच्या, कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांवरच्या निबंधात हाच विचार पुलांच्या टोकांबद्दल आहे. आज आलेख सिद्धांतात, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितात, त्याला हस्तांदोलनाचा नियम म्हणूनच ओळखतात. त्यामुळे ‘आपण नऊ जण आहोत, प्रत्येकाने बरोबर तीन जणांशीच हात मिळवायचा’ असा खेळ कुणी सुचवला तर प्रयत्नसुद्धा करू नका. ९ × ३ = २७, आणि २७ हातांची हस्तांदोलनं होत नाहीत. एक हात हवेत राहतो.

याचा तुमच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष उपयोग आहे. शेवटी प्रत्येकाकडून एका कागदावर ‘मी इतक्या जणांना भेटलो’ एवढंच लिहून घ्या आणि बेरीज करा. ५५२ आली तर चिंता नाही. (हो, तुमचंच ५५२. त्याची खरी जागा इथे आहे.) ५४७ आली तर भेटी राहिल्या असतील किंवा नसतील, पण मोजताना निदान एकजण नक्की चुकलाय, कारण बेरीज विषम येऊच शकत नाही. ५५० आली तर बहुधा एक जोडी राहिली: २२ लिहिलेले दोन कागद शोधा आणि त्या दोघांना समोरासमोर उभं करा. ते म्हणाले की आम्ही भेटलो होतो, तर दोघांनीही एकेक मोजायचा विसरलाय. आणि २२ लिहिलेला कागद एकच सापडला, बाकी सगळे २३, तर बेरीज ५५१ असणार. तिथे राहिलेली भेट शोधत बसू नका, त्या एकट्याला पुन्हा मोजायला सांगा.